पांढऱ्या कागदाची साक्ष : घरच्या घरी आपल्या मालाचा फोटो



आपल्या गटांचा माल आता फक्त आठवडी बाजारात आणि जत्रेतच विकला जात नाही. कुणी व्हॉट्सॲपवर फोटो टाकून विकतं, कुणाचा माल केंद्र सरकारच्या ई-सरस या पोर्टलवर आहे, कुणी ॲमेझॉनवर नोंदणी केली आहे. बाजारात गिऱ्हाईक मसाला चिमटीत घेऊन बघतं, वास घेतं, मग पैसे देतं. फोनवर मात्र त्याच्या हाताला काही लागत नाही आणि नाकालाही काही कळत नाही. त्याच्यासमोर असतो तो फक्त फोटो. म्हणून आज आपण घरच्या उजेडात, साध्या कागदावर, आपल्याच फोनने मालाचा खरा फोटो कसा काढायचा ते बघू.

‘खरा’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. आमच्या गटातल्या एका ताईंनी काळ्या मसाल्याची पाकिटं पुण्याला पाठवली होती. फोटो काढला होता संध्याकाळी, ओट्यावर, पिवळ्या बल्बखाली. त्या उजेडात मसाला छान तांबूस दिसत होता. गिऱ्हाइकाच्या घरी पाकीट पोचलं तेव्हा आत होता गडद तपकिरी मसाला, जसा काळा मसाला असायला हवा तसाच. पण त्या बाईंना वाटलं, हा जळलेला किंवा जुना माल आहे. त्यांनी पैसे परत मागितले. मसाल्यात काहीही खोट नव्हती. खोटा होता तो फोटोतला रंग. परत आलेलं खाण्याचं पाकीट पुन्हा विकता येत नाही, म्हणजे मालही गेला आणि पाठवणीचा खर्चही गेला.

म्हणून आज आपण उदाहरण घेऊ ते याच पाकिटाचं. पाव किलो काळा मसाला, समोरून आतला माल दिसेल असं प्लॅस्टिकचं उभं पाकीट आणि त्यावर लेबल. या एका पाकिटात सगळ्या अडचणी आहेत. माल गडद आहे, प्लॅस्टिक चमकतं आणि रंग नेमका दिसायला हवा. हे जमलं की लोणच्याची बरणी आणि चटणीचा डबाही जमतो.

उजेड एकाच बाजूने, एकाच जातीचा

आधी जागा शोधायची. खिडकीजवळ किंवा उघड्या दाराजवळ, जिथे भरपूर उजेड आहे पण थेट ऊन पडत नाही, अशी जागा हवी. उत्तरेकडची खिडकी चांगली, कारण वर्षातले बहुतेक दिवस तिच्यातून थेट ऊन आत येत नाही. पूर्वेची खिडकी असेल तर दुपारनंतर, पश्चिमेची असेल तर सकाळी काम करा. थेट उन्हात ठेवलेल्या पाकिटाची एक बाजू पांढरीफटक पडते आणि दुसरी काळीकुट्ट सावलीत जाते. दोन्हीकडे माल दिसत नाही. ऊन टाळता येत नसेल तर खिडकीवर पातळ पांढरं धोतर किंवा पांढरी ओढणी ताणून बांधा. ऊन त्यातून गाळून येतं आणि मऊ होतं.

जागा ठरली की घरातला दिवा बंद करायचा. ट्यूब नको, बल्ब नको, फोनचा फ्लॅशही नको. का ते सांगतो. दिवसाचा उजेड वेगळ्या रंगाचा असतो आणि बल्बचा वेगळ्या. आपल्या डोळ्यांना सवय असते, म्हणून फरक जाणवत नाही. फोन आपल्या परीने रंग सुधारतो, पण एकाच जातीचा उजेड असेल तरच त्याला ते नीट जमतं. खिडकीचा आणि बल्बचा असे दोन उजेड एकत्र आले की एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळसर पडते. मग फोन एकाला सुधारायला जातो तर दुसरी बिघडते. फ्लॅशचा त्रास आणखी वेगळा आहे. तो उजेड फोनमधूनच निघतो, समोरच्या प्लॅस्टिकवर आपटतो आणि सरळ फोनकडे परत येतो. पाकिटाच्या मधोमध पांढरा ठिपका पडतो, आणि नेमकं लेबलवरचं नाव वाचता येत नाही.

आजूबाजूचा रंगही बघा. हिरव्या भिंतीला लागून ठेवलेल्या पाकिटावर हिरवी झाक येते. निळ्या ताडपत्रीच्या मांडवात काढलेला फोटो निळा येतो. झाडाखाली पानांची हिरवी झाक येते आणि कवडसेही पडतात. फोटो काढणारीने भडक लाल साडी नेसली असेल आणि ती अगदी जवळ उभी असेल तर चमकत्या पाकिटात तीही उतरते. भिंत रंगवायची गरज नाही. तिच्यापासून दोन हात लांब मांडा आणि फिकट कपडे घाला, एवढ्याने भागतं.

कागद कसा मांडायचा

आता कागद. शाळेच्या वस्तू मिळतात त्या दुकानातून पांढरी कार्डशीट आणा. मोठी शीट साधारण २२ बाय २८ इंचांची येते, ती पुरते. मात्र तिचा पृष्ठभाग चकचकीत नको, मंद हवा. पांढरी चादर वापरून बघितलेल्या बायकांना माहीत असेल, तिच्या सुरकुत्या फोटोत जास्तच दिसतात. इस्त्री केली तरी घडीची रेघ राहते.

खिडकीच्या कडेला टेबल, स्टूल किंवा दोन डब्यांवर पाट ठेवा. खिडकी तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला यायला हवी. ती पाठीमागे असेल तर तुमचीच सावली मालावर पडते, आणि समोर असेल तर पाकीट अंधारात जातं. पाटाच्या मागे दोन-तीन मोठे डबे एकावर एक ठेवा. कार्डशीटची वरची कड डब्यांना चिकटपट्टीने लावा आणि खालची कड पाटावर पुढे येऊ द्या. मध्ये कागद सहज वाकला पाहिजे. त्याला घडी घालायची नाही. घडी पडली की फोटोत मागे आडवी रेघ दिसते. वाक असला की मागे नुसता मोकळा पांढरेपणा दिसतो, आणि नजर मालावरच राहते.

पाकीट कागदाच्या वाकापासून एक वीत पुढे ठेवा, म्हणजे त्याची सावली मागच्या कागदावर जोरात पडणार नाही. ते खिडकीपासून साधारण दोन हातांवर असावं. खोलीत जितकं आत जाल तितका उजेड झपाट्याने कमी होतो, हे लक्षात ठेवा.

आता खिडकीकडची बाजू उजळ आणि पलीकडची गडद दिसेल. थोडी सावली चांगलीच, तिच्यामुळे पाकीट भरलेलं दिसतं. पण फार काळोख नको. म्हणून पलीकडच्या बाजूला, पाकिटापासून वीतभर अंतरावर, दुसरा पांढरा पुठ्ठा उभा करा. मिठाईच्या खोक्याची आतली पांढरी बाजूही चालते. खिडकीचा उजेड त्यावर आपटून सावलीत परत येतो. पुठ्ठा जवळ-दूर करून बघा, सावली कशी हलकी-गडद होते ते डोळ्यांना लगेच कळेल.

पाकिटाची चमक आणि काळा गोळा

पाकीट ठेवण्याआधी हाताने थोपटून मसाला सारखा करा. कोपऱ्यातली हवा आणि सुरकुत्या काढा. बाहेरून कोरड्या सुती फडक्याने पुसा, कारण मसाल्याची भुकटी बाहेर चिकटलेली असते आणि ती फोटोत अस्वच्छ दिसते. मऊ फडक्याने फोनची मागची काचही पुसा. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या फोनच्या काचेवर तेलकट बोट उमटलेलं असतंच, आणि त्यामुळे सगळा फोटो धुरकट येतो. पाकीट उभं राहत नसेल तर मागे, समोरून दिसणार नाही अशी, काडेपेटी टेकवा.

मग चमक. पाकिटावर पांढरा पट्टा दिसत असेल तर ती खिडकीच आहे, आरशात दिसावी तशी. उजेड ज्या तिरकेपणाने पाकिटावर येतो त्याच तिरकेपणाने दुसरीकडे निघतो, आणि नेमका तिथे तुमचा फोन असतो. म्हणून पाकीट थोडं थोडं फिरवत जा. एका जागी तो पट्टा सरकून कडेला जातो आणि मसाला मोकळा दिसतो. तिथेच थांबा. फोन पाकिटाच्या उंचीला आणा, त्यासाठी खाली बसा. वरून उभ्याने काढलेल्या फोटोत पाकीट वर रुंद आणि खाली निमुळतं दिसतं. फार जवळही जाऊ नका. जवळून पुढचा भाग फुगीर दिसतो आणि फोनची सावलीही पडते. एक-दीड हात मागे सरा आणि दुप्पट झूम करा, त्याहून जास्त नको.

आता सगळ्यांना अडवणारी गोष्ट. एवढं करूनही पहिला फोटो बघाल तर कागद राखाडी आणि मसाला म्हणजे नुसता काळा गोळा. उजेड तर भरपूर आहे, मग असं का? फोनचा कॅमेरा प्रत्येक फोटो मध्यम उजेडाचा करायला बघतो. चौकटीत पांढरा कागद खूप आहे, म्हणून त्याला वाटतं उजेड जास्त झाला, आणि तो सगळंच गडद करतो. आपण त्याला सांगायचं की बाबा, हे पांढरंच आहे. पडद्यावर मसाल्याच्या जागी बोट टेकवा. बहुतेक फोनवर तिथे सूर्याचं छोटं चिन्ह येतं. ते बोटाने हळूहळू वर सरकवा. कागद पांढरा होईल आणि मसाल्याचा दाणा वेगळा दिसू लागेल, तिथे थांबा. आणखी वर नेलंत तर पाकिटाची कड कागदात विरघळते आणि लेबलवरची फिकट अक्षरं उडतात. तसं झालं की थोडं खाली या.

कागदाला विचारा

फोटो काढला, आता तो खरा आहे का हे कसं ओळखायचं? इथेच आपला पांढरा कागद कामाला येतो. तो फक्त मागचा पडदा नाही, तो साक्षीदार आहे. मसाल्याचा रंग कसा असावा हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं. पण कागद कसा असावा हे सगळ्यांना माहीत असतं. फोटोत कागद पिवळा दिसला तर कुठेतरी दिवा चालू राहिला आहे. निळसर दिसला तर उजेड गर्द सावलीतला किंवा ताडपत्रीखालचा आहे. हिरवट दिसला तर भिंत किंवा झाड जवळ आहे. राखाडी दिसला तर फोटो अंधारा आहे. कागद जेवढा खोटा दिसतो, तेवढाच मसालाही खोटा दिसतो, कारण दोघांवर उजेड एकच आहे. कागद पांढरा दिसला की मसाल्याच्या रंगावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

शेवटची खात्री अशी करा. फोन खिडकीजवळ धरा आणि शेजारी खरं पाकीट ठेवा. रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून पडदा पिवळसर करणारी सोय फोनमध्ये असते, ती बंद आहे ना ते बघा, नाहीतर फोनच तुम्हाला फसवेल. मग माल न बनवणाऱ्या एखाद्या बाईला बोलवा आणि दोन्हीतला रंग सारखा आहे का विचारा. आपल्याला आपला मसाला पाठ असतो, त्यामुळे आपला डोळा चुका झाकून घेतो.

थोडा फरक राहिला तर फोनमध्ये दुरुस्ती करता येते. कागद किंचित पिवळा असेल तर Warmth थोडं कमी करा, अंधारा असेल तर Brightness थोडं वाढवा, आणि कडेचं नको ते कापून टाका. पण Saturation वाढवू नका. त्याने मसाला लालभडक होतो, आणि आपल्या ताईंच्या पाकिटांचं जे झालं तेच पुन्हा होतं. तोंड गोरं करणारे फिल्टरही बंद ठेवा.

एका पाकिटाचे चार फोटो

एक फोटो पुरत नाही. पहिला फोटो पूर्ण पाकिटाचा, समोरून, पांढऱ्या कागदावर, बाकी काही नाही. फुलं, पणती, मिरच्यांची आरास इथे नको. गिऱ्हाइकाला कळत नाही की नेमकं विकायला काय आहे. ॲमेझॉनवर तर मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरीच लागते, आणि वस्तूने चौकटीचा सुमारे ८५ टक्के भाग भरावा असा नियम आहे.

दुसरा फोटो लेबलचा, जवळून. त्यावर वजन, बनवल्याची तारीख, किंमत, घटक आणि १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक स्वच्छ वाचता आला पाहिजे. फोटो मोठा करून स्वतः वाचून बघा. तुम्हाला वाचता आला नाही तर गिऱ्हाइकालाही येणार नाही.

तिसरा फोटो मोकळ्या मसाल्याचा. दोन चमचे मसाला पांढऱ्या चिनीमातीच्या बशीत घ्या. स्टीलची वाटी नको, तिच्यात खिडकी, छत आणि आपण स्वतः दिसतो. हा फोटो खिडकीच्या तिरक्या उजेडात काढला की दळण बारीक आहे की जाडसर ते दिसतं. मसाला ओळखणारी बाई हाच फोटो मोठा करून बघते.

चौथा फोटो आकार दाखवण्यासाठी. पाकीट हातात धरून काढा. नुसत्या कागदावर पाव किलोचं आणि किलोचं पाकीट सारखंच दिसतं. हात दिसला की अंदाज येतो, आणि ‘एवढंसंच आलं’ ही तक्रार येत नाही.

फोटो पोर्टल सांभाळणाऱ्या ताईंना पाठवताना व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवू नका. तो लहान होऊन जातो आणि लेबलची अक्षरं पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग जसाचा तसा पोचतो.

बैठकीत विचारले जाणारे प्रश्न

घराला खिडकीच नाही, पत्र्याची खोली आहे, असं बऱ्याच जणी सांगतात. मग दार हीच खिडकी. दाराच्या आत दोन हातांवर, ऊन न पडेल तिथे मांडा. पडवी किंवा ओसरी असेल तर ती आणखी चांगली. वाऱ्याने कागद उडू नये म्हणून त्याच्या कडांवर, चौकटीबाहेर, दगड ठेवा.

पावसाळ्यात काय करायचं? ढगाळ दिवस वाईट नाही. सगळं आभाळच पांढऱ्या धोतरासारखं काम करतं आणि सावल्या मऊ पडतात. फक्त उजेड कमी असतो, म्हणून फोन जरा जास्त वेळ उजेड घेतो आणि तेवढ्यात हात हलला तर फोटो पुसट येतो. फोन डब्याला टेकवून उभा करा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबतानाचा धक्काही बसत नाही. अगदी काळोखं असेल तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट बघा.

तांदळाचे पापड, कुरडया, साबुदाण्याच्या चकल्या असा पांढरा माल पांढऱ्या कागदावर हरवतो, हेही खरं. त्यासाठी फिकट राखाडी किंवा खाकी कागद घ्या. पण साक्षीदार सोडू नका. पहिल्या फोटोत मालाशेजारी पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवा, त्याचा रंग तपासा, मग तुकडा काढून उरलेले फोटो त्याच जागी, त्याच उजेडात काढा.

आणि एकदा काढलेला फोटो वर्षानुवर्षे चालवायचा का? नाही. यंदा ब्याडगी मिरची जास्त घातली तर मसाल्याला लाली येते. संकेश्वरी किंवा लवंगी घातली तर रंग वेगळा. खोबरं जास्त भाजलं गेलं तर तो आणखी गडद होतो. मालाचा रंग बदलला की फोटोही नवा काढायचा. कार्डशीट गुंडाळून, तिला मसाल्याचे हात न लावता, कपाटावर ठेवून द्या. नव्या घाण्याचं पहिलं पाकीट भरलं की तीच उतरवायची, दिवा बंद करायचा आणि खिडकीशी मांडायची.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या एका मालाचे असे चार फोटो आणि तो माल, दोन्ही घेऊन या. फोटो आणि माल शेजारी ठेवून आपण सगळ्या मिळून तपासू.